तीन प्रॉक्सी आणि एक चुकलेली क्लिक

मी प्रॅक्टिसिंग कंपनी सेक्रेटरी आहे. कंपन्यांच्या सभांमध्ये स्क्रुटिनायझर म्हणून काम करते, म्हणजे मतं तपासणं, मोजणं आणि त्यांचा अहवाल देणं. पुढचं प्रकरण शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतलं आहे. संबंधित कुटुंबाची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून तारखा आणि आकडे बदलले आहेत, मात्र आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच ठेवलं आहे.

सभा २४ सप्टेंबरला सकाळी ११ वाजता, प्रत्यक्ष सभागृहात होती. विषयपत्रिकेत पाच ठराव होते. पहिले चार नेहमीचे. पाचवा होता कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीत, बदल करून प्रवर्तक गटाला दोन संचालक नेमण्याचा हक्क देणारा. आर्टिकल्स बदलायचे तर विशेष ठराव लागतो. विशेष ठरावासाठी लोक सरसकट ‘पंचाहत्तर टक्के’ म्हणतात, पण कायद्याची कसोटी अशी आहे : बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत. ज्यांनी मतच दिलं नाही, ते या हिशेबात कुठेच येत नाहीत.

कुटुंबाचा या पाचव्या ठरावाला विरोध होता. आई ७८ वर्षांच्या, मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेलेल्या. त्यांच्या एकट्यांच्या नावावर डिमॅटमध्ये ४,००० शेअर. दिवंगत वडिलांच्या नावावर कागदी प्रमाणपत्रांचा जुना फोलिओ, त्यात २,५००. घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे ६,०००, आणि या कंपनीत संचालक दोनच, आई आणि मुलगा. चौथे जावई. नोटीस वाचून त्यांनी विरोधाला बळ म्हणून १९ सप्टेंबरला बाजारातून १,२०० शेअर घेतले.

जावयांचं आधी सांगते, कारण ते दोन ओळींत संपतं. मतदानाचा हक्क ठरतो कट-ऑफ तारखेला नाव नोंदीत आहे की नाही यावर. ही तारीख सभेच्या आधी सात दिवसांपेक्षा जास्त मागे नेता येत नाही, आणि इथे ती १७ सप्टेंबर होती. १९ तारखेला घेतलेल्या शेअरवरचं मत ज्यानं ते विकले त्याचं होतं. शेअर हातातून गेले तरी मत त्याच्याकडेच राहिलं.

आता मुख्य गोष्ट. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला आणि हजार किंवा जास्त सभासद असलेल्या कंपनीला सभेआधी ई-व्होटिंगची सोय द्यावीच लागते. ते किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं. इथे ते २१ तारखेला सकाळी ९ वाजता सुरू झालं. डिसेंबर २०२० च्या सेबीच्या परिपत्रकानंतर वैयक्तिक डिमॅटधारकाला प्रत्येक कंपनीसाठी वेगळा पासवर्ड लागत नाही. डिमॅटच्या नोंदी ठेवणाऱ्या डिपॉझिटरीच्या संकेतस्थळावरून किंवा आपल्या ब्रोकरच्या लॉगिनमधून थेट मतदानाच्या पानावर जाता येतं.

आईंनी तसंच केलं, म्हणजे मुलीनं शेजारी बसून त्यांच्या फोनवर केलं. ओटीपी आईंच्या मोबाइलवर आला, त्यांनी वाचून दाखवला. पडद्यावर पाच ठराव एकाखाली एक, प्रत्येकासमोर बाजूने आणि विरोधात असे दोन पर्याय. पहिल्या चारांना ‘बाजूने’ द्यायचं ठरलं होतंच. त्याच ओघात पाचव्यालाही ‘बाजूने’वर बोट पडलं. सबमिट केल्यावर सगळी मतं पुन्हा एकदा दिसतात आणि खात्री विचारली जाते. तिथपर्यंत मागे फिरता येतं. मुलीनं ते पान वाचलं नाही, कन्फर्म दाबलं. चूक लक्षात आली ती संध्याकाळी, भावानं फोनवर विचारलं तेव्हा.

हेल्पडेस्कनं सांगितलं की आता बदल होणार नाही. ते बरोबरच होतं. नियमच असा आहे की एकदा दिलेलं मत नंतर बदलता येत नाही, मतदानाला दोन दिवस शिल्लक असले तरी. कारणही समजण्यासारखं आहे. मत बदलता येत असतं, तर शेवटच्या तासापर्यंत मोठ्या भागधारकाला फोन करून, भिडेला घालून फिरवण्याचा धंदा चालला असता.

पण घरात कुणीतरी म्हणालं, सभेत जाऊन प्रत्यक्ष दिलेलं मत वरचढ ठरेल. हा समज मला इतक्या ठिकाणी भेटलाय की त्याबद्दल कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. घरच्या व्यवहारात ‘शेवटचा शब्द खरा’ असंच असतं. इथे मात्र उलट आहे. ई-व्होटिंगनं मत दिलेला सभासद सभेला येऊ शकतो, बसू शकतो, बोलू शकतो, फक्त पुन्हा मत देऊ शकत नाही. आणि सभासदालाच जे उरलेलं नाही, ते त्याच्या प्रॉक्सीला, म्हणजे त्याच्या वतीनं सभेत मत द्यायला नेमलेल्या माणसाला, कुठून येणार?

तर चूक सुधारायला म्हणून मुलानं २२ तारखेला प्रॉक्सी फॉर्म आणले.

प्रॉक्सीचा फॉर्म एमजीटी-११. तो सभेच्या किमान ४८ तास आधी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात पोचावा लागतो. म्हणजे इथे २२ तारखेला सकाळी ११ पर्यंत. मुलानं दोन फॉर्म १० वाजून २० मिनिटांनी जमा केले. एक आईंच्या ४,००० शेअरचा, दुसरा वडिलांच्या फोलिओतल्या २,५०० चा. परत जाताना त्याला घरच्या कंपनीचे ६,००० आठवले. तिचा फॉर्म भरून तो दुपारी ३ वाजता पुन्हा काउंटरवर आला. घेणाऱ्यानं पोच दिली, वेळ लिहिली आणि ‘उशीर झालाय, बघू’ एवढंच सांगितलं.

सभेच्या दिवशी ही तिन्ही पानं माझ्यासमोर होती.

आईंचा फॉर्म निर्दोष होता. तारीख होती, प्रॉक्सीचं नाव होतं, रेव्हेन्यू स्टँप होता आणि तो रद्द होईल अशी त्यावरून सही गेलेली होती. सही नमुन्याशी जुळत होती. यातली एकेक गोष्ट सुटली म्हणून बाद झालेले फॉर्म मी दर सभेत बघते, विशेषतः तारीख. बिनतारखेची प्रॉक्सी धरत नाहीत. एकाच शेअरसाठी दोन प्रॉक्सी आल्या तर नंतरच्या तारखेची खरी, आणि तारखाच नसतील तर दोन्ही बाद.

तरीही मी मुलाला आईंची मतपत्रिका देऊ शकले नाही. ई-व्होटिंग बंद झाल्यावर आणि सभा सुरू होण्याआधी स्क्रुटिनायझरला एक यादी मिळते. कुणी मत दिलंय, त्यांचं नाव, फोलिओ किंवा डिमॅट क्रमांक, शेअरची संख्या. मत कोणत्या बाजूनं दिलंय ते त्यात नसतं, तेव्हा ते मलाही दिसत नाही. ही यादी केवळ कुणी दोनदा मत देऊ नये म्हणून असते. त्यात आईंचं नाव होतं.

“मॅडम, पण ते मत चुकून गेलंय. आईनं सही करून मला पाठवलंय,” मुलगा म्हणाला.

मी त्याला यादीतली ओळ दाखवली आणि म्हटलं, “तुमची प्रॉक्सी चुकीची नाही. पण आईंचं मत देऊन झालंय, त्यामुळे तुमच्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही.” तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला.

वडिलांच्या फोलिओचा फॉर्म वेळेत होता, पण सही आईंची होती, खाली ‘पत्नी व वारस’ असं लिहिलेलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. ट्रान्समिशनचा अर्ज कुणी केला नव्हता, म्हणजे शेअर वारसाच्या नावावर चढलेच नव्हते. वारसाला लाभांशावर हक्क सांगता येतो, पण नाव सभासद नोंदवहीत लागेपर्यंत सभेसंबंधीचे हक्क, म्हणजे मत आणि प्रॉक्सी नेमणं, वापरता येत नाहीत. कायद्याच्या नमुना आर्टिकल्समध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि या कंपनीच्या आर्टिकल्समध्येही तेच कलम होतं. नोंदवहीत नाव वडिलांचं, आणि सही करायला ते नाहीत. ही २,५०० मतं त्या दिवशी कुणीच देऊ शकलं नसतं. चूक असलीच तर ती सहा वर्षांपूर्वीची होती.

तिसरा फॉर्म मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो वाचवता आला असता, आणि तोही सहज.

चार तास उशिरा आलेली प्रॉक्सी मी धरू शकत नव्हते. अध्यक्षांनी चालवून घेतलं असतं तरी मी अहवालात ती अवैध दाखवली असती. पण सभासद जेव्हा कंपनी असते तेव्हा तिला प्रॉक्सीची गरजच नसते. कायद्याच्या ११३ व्या कलमानुसार ती संचालक मंडळाच्या ठरावानं आपला प्रतिनिधी नेमू शकते. हा प्रतिनिधी प्रॉक्सी नसतो. तो जणू सभासद स्वतःच आलाय असा बसतो. त्याला ४८ तासांची अट नाही, प्रमाणित ठरावाची प्रत सभेत दाखवली तरी चालते. तो बोलू शकतो, प्रश्न विचारू शकतो, मत देऊ शकतो. घरच्या कंपनीत दोनच संचालक. आईंना मसुदा पाठवून दोघांच्या संमतीनं सर्क्युलर ठराव तासाभरात झाला असता. तोच मुलगा, त्याच सकाळी, एमजीटी-११ ऐवजी ठरावाची प्रत घेऊन आला असता तर ६,००० मतं ठरावाच्या विरोधात पडली असती.

दुसरी वाटही उघडी होती. २२ तारखेला दुपारी ३ वाजता ई-व्होटिंग बंद व्हायला अजून २६ तास होते. कंपनीच्या लॉगिनमधून मत द्यायचं आणि अधिकार देणाऱ्या ठरावाची स्कॅन प्रत नोटिशीत दिलेल्या स्क्रुटिनायझरच्या मेलवर पाठवायची, एवढंच होतं. ती प्रत आली नाही तर मी असं मत अवैध धरते, आणि दर सभेत दोनचार कंपन्यांची मतं नेमकी याच कारणानं जातात. पण इथे लॉगिनच झालं नाही. काउंटरवर ‘उशीर झालाय’ सांगणाऱ्यानं ‘उद्या पाचपर्यंत ऑनलाइन देता येईल’ एवढं वाक्य जोडलं असतं तर बरं झालं असतं. सांगणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं, हे मान्य. पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

सभेत पाचवा ठराव मांडला गेला तेव्हा मुलगा प्रश्न विचारायला उभा राहिला. हा हक्क प्रवर्तकांचं भागभांडवल किती खाली गेल्यावर संपणार, हा त्याचा प्रश्न होता, आणि प्रश्न चांगला होता. अध्यक्षांनी विचारलं, आपण सभासद की प्रॉक्सी? प्रॉक्सी म्हटल्यावर त्यांनी नम्रपणे बसायला सांगितलं. प्रॉक्सीला सभेत बोलण्याचा हक्क नाही. हात वर करून मतदान असेल तर त्यातही त्याला जागा नाही, त्याचं मत चालतं ते पोल, म्हणजे शेअरच्या संख्येनुसार मतमोजणी, असेल तेव्हाच. ई-व्होटिंगची सोय देणाऱ्या कंपनीत हात वर करून मतदान होतच नाही, त्यामुळे तेवढी एक अडचण आता उरलेली नाही. बोलण्याची मात्र आहे तशीच आहे. आई स्वतः आल्या असत्या तर मत देऊन झालेलं असतानाही त्यांना हा प्रश्न विचारता आला असता.

सभा संपली. मोजणीचा क्रम ठरलेला असतो. आधी सभागृहातल्या मतपत्रिका उघडायच्या, मोजायच्या, आकडे लिहून ठेवायचे. मग कंपनीच्या नोकरीत नसलेल्या दोन साक्षीदारांसमोर ई-व्होटिंगचं कुलूप काढायचं. या क्रमात अदलाबदल चालत नाही, कारण ऑनलाइन आकडे आधी दिसले तर हातातल्या मतपत्रिकांकडे बघण्याची नजर बदलू शकते. साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि पडद्यावर पाचव्या ठरावाची ओळ उघडली.

दोन्हीकडची मिळून बेरीज : बाजूने ३०,६०,०००, विरोधात १०,१५,०००.

विरोधी मतांची तिप्पट ३०,४५,०००. ठराव १५,००० च्या फरकानं मंजूर.

त्या रात्री अहवाल लिहिताना मी कागदाच्या कडेला एक हिशेब केला. अहवालात तो येत नाही, कारण अहवालात पडलेली मतं असतात, न पडलेली नाहीत. घरच्या कंपनीची ६,००० मतं विरोधात पडली असती तर विरोध १०,२१,००० झाला असता. त्याची तिप्पट ३०,६३,०००. ठराव ३,००० नं पडला असता. विशेष ठरावात विरोधातलं एक मत बाजूच्या तीन मतांना तोलतं, म्हणून सहा हजार शेअरना अठरा हजारांचं वजन येतं.

आईंच्या क्लिकचा हिशेब आणखी विचित्र आहे. चुकीच्या बाजूला गेलेलं मत हे न दिलेल्या मतापेक्षा जड असतं. त्यांनी मतच दिलं नसतं तर बाजूने ३०,५६,००० राहिले असते, तिप्पट तीच ३०,४५,०००, म्हणजे ठराव मंजूरच. पण तीच ४,००० विरोधात असती तर बाजूने ३०,५६,०००, विरोधात १०,१९,०००, तिप्पट ३०,५७,०००. ठराव एक हजारानं पडला असता. ‘बाजूने’वरचं बोट ‘विरोधात’वर पडलं असतं तर फरक सोळा हजारांचा होता, आणि ठराव तरला तो पंधरा हजारांवर.

अहवाल अध्यक्षांकडे गेला, निकाल दोन कामकाजाच्या दिवसांच्या आत शेअर बाजाराला कळवला गेला. निकालात फक्त बेरजा असतात. कुणाचं मत का बाद झालं ते त्यात नसतं. मुलानं लेखी विचारलं तेव्हा त्याच्याच तीन फॉर्मपुरतं मी उत्तर दिलं. निकालाला आव्हान देण्याजोगं त्यात काही नव्हतं, हेही त्याला सांगितलं. तिन्ही निर्णय मी आजही तसेच दिले असते.

पाच महिन्यांनी त्याच कंपनीनं उद्दिष्टांच्या कलमात बदल करायला काढला, यावेळी पोस्टल बॅलटनं. मुलाचा पहिला फोन : “मॅडम, यावेळी प्रॉक्सी किती दिवस आधी द्यायची?”

पोस्टल बॅलटमध्ये प्रॉक्सी नसते, कारण सभाच नसते. कुणाच्या वतीनं कुणी कुठे हजर राहायचा प्रश्नच येत नाही. नोटीस पाठवल्यापासून ३० दिवसांत सभासदाचं मत पोचायला हवं. कागदी मतपत्रिका असेल तर टपालात टाकल्याची तारीख बघत नाहीत, हातात पडल्याची बघतात, आणि तिसाव्या दिवसानंतर आलेली मतपत्रिका उत्तरच आलं नाही असं धरतात. पूर्वी माझ्या टेबलावर एकतिसाव्या दिवशी आलेल्या पाकिटांचा गठ्ठा असायचा. एप्रिल २०२० पासून कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयानं परिपत्रकं काढून नोटीस ईमेलनं पाठवायला आणि मत फक्त ऑनलाइन घ्यायला मुभा दिली. या कंपनीनंही तेच केलं. पाकिटांचा गठ्ठा गेला, पण ज्या कागदी फोलिओत ईमेलच नोंदलेला नाही त्या सभासदापर्यंत नोटीस पोचत नाही. त्यानं वर्तमानपत्रातली जाहिरात बघून, कंपनीच्या शेअरच्या नोंदी सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारकडे स्वतः ईमेल नोंदवायचा असतो.

त्याचा दुसरा प्रश्न मोलाचा होता. “यात आम्ही प्रश्न कुठे विचारायचा?” कुठेच नाही. मंडळाचं स्पष्टीकरण नोटिशीसोबत येतं, सभासद ते वाचतो आणि हो किंवा नाही म्हणतो. मे २०१४ मध्ये गोदरेज इंडस्ट्रीजच्या विलीनीकरणाच्या योजनेवर मुंबई उच्च न्यायालयापुढे नेमका हा मुद्दा आला होता. सभा घ्यायचीच नाही, फक्त पोस्टल बॅलट आणि ई-व्होटिंगवर भागवायचं, हे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मान्य केलं नाही. ई-व्होटिंग द्याच, पण सभासदाला उभं राहून विचारता येईल अशी सभाही हवी, असा त्यांचा रोख होता. पुढे फेब्रुवारी २०१८ पासून कायद्यात बदल झाला. जे विषय पोस्टल बॅलटनंच घ्यावे लागत, ते ई-व्होटिंग देणारी कंपनी आता सभेतही घेऊ शकते. घ्यावेत अशी सक्ती मात्र नाही, आणि अवघड प्रश्नांची धास्ती असलेलं मंडळ कोणती वाट धरेल ते सांगायला नको. माझं मत विचाराल तर आर्टिकल्स आणि उद्दिष्टांसारखे विषय सभेतच यावेत. दुरून मत देण्याची सोय ही न येऊ शकणाऱ्यासाठी आहे, न ऐकू इच्छिणाऱ्यासाठी नाही.

या वेळी आईंनी स्वतः फोन हातात घेतला. कन्फर्मच्या आधीचं पान त्यांनी मुलीला मोठ्यानं वाचायला लावलं, दोनदा. घरच्या कंपनीचा ठराव नोटीस आल्याच्या चौथ्या दिवशी माझ्या मेलवर आला, दोन्ही सह्यांसह. वडिलांच्या फोलिओचा ट्रान्समिशनचा अर्ज रजिस्ट्रारकडे गेलाय, मृत्यूच्या दाखल्यावरच्या आणि शेअर प्रमाणपत्रावरच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक निघाला म्हणून तो एकदा परत आला. ती २,५०० मतं याही खेपेला पडली नाहीत.